फोटोत वाफ दिसत नाही

आमच्याकडे एक नवीन वैद्यकशाखा निघाली आहे. तिचे वैद्य डोंबिवलीत बसतात, नाशकात बसतात, कधी सिंगापूरमध्येच दोन स्टेशनं पलीकडे बसतात. रोगी असतो प्रेशर कुकर. कुकर बाजूने वाफ सोडतो, शिट्टी होत नाही, असं नुसतं म्हणायची खोटी, की पलीकडून आज्ञा येते : "झाकणाचा आणि रबराचा फोटो पाठव, लगेच सांगतो." आपण झाकण धुऊन, पुसून, ओट्यावर उताणं ठेवून फोटो काढतो. अर्ध्या मिनिटात निदान हजर : "रबर गेलंय. बदल."

नाडीवैद्याला आपण हसतो. पण तो निदान मनगट तरी हातात धरतो. हे फोटोवैद्य मनगट धरत नाहीत, रोग्याला ताप आहे की नाही हेही विचारत नाहीत. घरी धडधाकट बसलेल्या माणसाचा पासपोर्ट साइज फोटो बघून ते त्याला रात्री दोन वाजता येणाऱ्या खोकल्यावर औषध देतात.

गेल्या पावसाळ्यात मी स्वतः या वैद्यकीतून गेले, म्हणून हा संताप. संताप बाजूला ठेवूनही या मंडळींचं म्हणणं एकदा त्यांच्याच शब्दांत मांडायला हवं, कारण ते वरवर अगदी शहाणपणाचं वाटतं. वाफ गळते म्हणजे रबर खराब, आणि रबर फोटोत दिसतं. रबर बरं असेल तर झाकण वाकलेलं, आणि तेही फोटोत दिसतं. दोन्ही ठीक असतील तर मग तुमच्या तिकडची हवा दमट, तुमच्या तिकडचा गॅस मंद. आणि शेवटचा हुकमी एक्का : इतक्या लांबून दुसरं करणार तरी काय? रबर बदलून बघायला जातं काय?

एकेक घेऊ.

पहिली गोष्ट रबराची. रबराचं काम आहे दबणं आणि परत उसळणं. रोज जवळजवळ १२० अंश सेल्सिअसला दबून राहिलेलं रबर हळूहळू उसळायचं विसरतं. दाबलं की दाबलेलंच राहतं. त्याला भेगा नंतर पडतात, कधी पडतही नाहीत. मग फोटोत काय दिसणार? काळं, गोल, चकचकीत, नुकतंच साबणाने धुतलेलं रबर. ते कडक झालंय की मऊ आहे हे बोटाला कळतं. चिमटीत धरून दुमडा, नख रोवा, खूण लगेच भरून येते का बघा. झाकणाच्या खाचेत बसवून झाकण उपडं धरा. धड रबर खाचेला धरून राहतं, दमलेलं रबर ओघळून खाली येतं. या परीक्षा हाताच्या आहेत. फोटोला हात नाहीत. भेग दिसली तर फोटो बोलेल, हे मी मान्य करते. पण भेग दिसत असताना फोटो पाठवण्याची गरजच काय? ती ज्याच्या हातात रबर आहे त्याला आधी दिसते.

त्याहून मोठी गंमत म्हणजे बहुतेक वैद्य हेसुद्धा विचारत नाहीत की कुकर कोणत्या जातीचा. आपल्याकडे मुख्य जाती दोन. एकाचं झाकण आतून बसतं, दुसऱ्याचं बाहेरून. आतल्या झाकणाला वाफेचा रेटा खालून वर ढकलतो तो थेट भांड्याच्या काठावर. प्रेशर जितकं चढेल तितकं झाकण घट्ट. त्यामुळे असा कुकर सुरुवातीला बाजूने थोडं सुस्कारला आणि मग गप्प झाला, तर तो आजारी नाही, नीट बसतोय एवढंच. बाहेरच्या झाकणाचं उलट. तिथे तोच रेटा झाकणाला भांड्यापासून दूर लोटतो, झाकण आपल्या आकड्यांवर अडकून राहतं, आणि मधली फट बंद ठेवायची सगळी जबाबदारी रबरावर आणि ते रबर ज्या काठाला टेकतं त्या काठावर पडते. फोटोत दोन्ही रबरं सारखीच काळी, सारखीच गोल. एकाला वाफ स्वतः मदत करते, दुसरं वाफेशी झुंजतं. हा फरक न विचारता "रबर गेलंय" म्हणणं म्हणजे पाय मुरगळला की हात, हे न विचारता पट्टी बांधणं.

दुसरी गोष्ट वाकलेल्या झाकणाची. फोन झाकणाच्या वीतभर वर धरून काढलेल्या फोटोत जवळची कड फुगते, लांबची आकसते. त्या फोटोत सरळ पोळपाटही वाकडा दिसेल. शिवाय आतल्या झाकणाच्या कुकरचं झाकण मुळातच लांबट गोल असतं. नसतं, तर ते त्या तोंडातून आत गेलं असतं कसं? माझ्या एका मैत्रिणीला तिच्या दादाने फोटो बघून "झाकण अंडाकृती झालंय, टाकून दे" असं सांगितलं होतं. ते जन्मापासून तसंच होतं.

पण या मुद्द्यातली खरी चूक आणखी खोल आहे. झाकण ओट्यावर उताणं पडलेलं असतं तेव्हा त्याच्यावर कसलाही भार नसतो. गॅसवर काय होतं? कुकरात प्रेशर भरतं ते साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. तोंड २० सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे झाकणाला आतून तीन क्विंटलहून जास्त रेटा. चार-पाच धट्टीकट्टी माणसं त्या एवढ्याशा झाकणाखाली खांदा देऊन उभी आहेत, अशी कल्पना करा. गळती होते ती तेव्हा. फोटो काढला जातो तो सगळी माणसं घरी गेल्यावर.

तिसरी गोष्ट हवेची आणि गॅसची. सिंगापूरच्या दमट हवेने रबर कुजतं म्हणे! अहो, जे रबर रोज कुकरात उकळत्या वाफेत अर्धा तास बसतं, त्याला ओट्यावरच्या दमटपणाचं काय कौतुक? रबराला म्हातारं करते ती उष्णता, आणि उष्णता डोंबिवलीच्या कुकरातही तेवढीच असते.

गॅसच्या आक्षेपात मात्र एक कण खरा आहे, पण तो फोटोवैद्यांच्या विरुद्धच जातो. इथल्या कित्येक सरकारी इमारतींत नळाचा गॅस येतो. तो हायड्रोजनचं प्रमाण भरपूर असलेला टाउन गॅस आहे, आपल्या सिलिंडरच्या गॅसपेक्षा वेगळा. त्याच्या शेगड्या त्याच्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यामुळे नीट चालतात. पण शेगडी कमी पडत असेल, जाळ्या तुंबल्या असतील, मोठा कुकर छोट्या बर्नरवर ठेवला असेल, तर प्रेशर सावकाश चढतं, बाहेरच्या झाकणाचं रबर काठाला पुरतं चिकटायच्या आतच वाफ बाजूने वाट काढते आणि मग प्रेशर चढतच नाही. हा दोष आचेचा, आणि आच झाकणाच्या फोटोत कुठून येणार? कुकरात डाळ किती घातली होती हे तरी फोटोत येतं का? डाळ-तांदूळ थेट कुकरात घालताना अर्ध्यापेक्षा जास्त भरू नयेत असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते न पाळलं की फेस वर चढतो, शिट्टीच्या नळीत जातो, शिट्टीतून पिवळं पाणी उडतं. लोक त्यालाही "कुकर गळतो" म्हणतात, फोटो पाठवतात, आणि रबर बदलतात!

आता हुकमी एक्का. बदलून बघायला जातं काय? माझं काय काय गेलं, ते सांगते.

माझा कुकर पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, बाहेरच्या झाकणाचा. आमच्याकडे मराठी पद्धतीने कुकर लागतो : तळाला दोन भांडी पाणी, वर डाळीचा डबा, त्यावर भाताचा. एरवी सातव्या मिनिटाला शिट्टी. एके दिवशी पंधरा मिनिटं झाली तरी शिट्टी नाही, बाजूने मात्र फुसफुस. फोटो गेला. मावशीचं उत्तर आलं : "अगं, रबर बघ ना कसं निबर दिसतंय. बदल आधी." मी गेले आणि सेरंगून रोडच्या बाजूला एका दुकानातून 'पाच लिटरचं' रबर आणलं. पाच लिटरचं म्हणजे कुणाच्या पाच लिटरचं, हे मी विचारलं नाही, दुकानदाराने सांगितलं नाही. ते खाचेत सैल बसलं आणि आधीपेक्षा जास्त गळलं. त्याच आठवड्यात तळातलं पाणी आटून गेलं, डाळीचा डबा करपला, आणि सेफ्टी वाल्व्ह वितळण्याआधी वासाने मला स्वयंपाकघरात ओढलं म्हणून थोडक्यात निभावलं.

मग मुस्तफात जाऊन कंपनीचं, क्रमांक जुळवून रबर आणलं. आणि चमत्कार : कुकर ठणठणीत! सातव्या मिनिटाला शिट्टी. मावशीने "बघ, म्हटलं नव्हतं?" असं ऐकवलं ते मी हात जोडून ऐकलं. नऊ दिवस कुकर छान चालला. दहाव्या दिवशी फुसफुस परत सुरू.

फोटोवैद्यकीचं सगळं नाव या नऊ दिवसांवर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबा. नवीन रबर मऊ आणि फुगीर असतं. दोष दुसरीकडे कुठेही असला, काठाला खड्डा असला, तरी नवं रबर त्यात भरून बसतं. रोज तापून दबून त्याचा फुगीरपणा गेला की खड्डा पुन्हा उघडा पडतो. तोवर वैद्याचं निदान 'सिद्ध' झालेलं असतं, आणि दुसऱ्यांदा गळायला लागल्यावर दोष येतो नव्या रबराच्या दर्जावर. "हल्ली पूर्वीसारखी रबरं राहिली नाहीत!" चुकीचं निदान नऊ दिवस बरोबर ठरलं, तर ते बरोबर होतं का? घर गळत असताना खाली बादली ठेवली म्हणजे कौलं शाकारली जातात का?

तेव्हा मी फोन बाजूला ठेवला आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कुकरात डबे नाहीत, डाळ नाही, फक्त अर्धा लिटर पाणी. मोठ्या आचेवर ठेवून, जरा लांबून, डोळे झाकणाच्या पातळीवर आणून बघत बसले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण ज्याला वाफ म्हणतो तो पांढरा ढग म्हणजे थंड होऊन परत पाणी झालेले थेंब. खरी वाफ दिसत नाही. त्यामुळे ढग जिथे दिसतो तिथे गळती नसते, ती त्याच्या बोटभर अलीकडे असते, जिथे काहीच दिसत नाही तिथे. म्हणून तिथे चुकूनही हात न्यायचा नाही. मी लांब दांड्याची स्टीलची पळी थंड पाण्यात बुडवून, कोरडी पुसून, झाकणाच्या कडेने फिरवली. जिथे फट तिथे पळी क्षणात घामेजते. दांडा माझ्याकडे, म्हणजे घड्याळातल्या सहावर धरला, तर पळी घामेजली चारवर. बाकी सगळीकडे कोरडी.

मग कुकर पूर्ण गार करून रबर खाचेतच अर्धा फेरा फिरवलं आणि पुन्हा तेच. रबराचा दोष असता तर गळती रबराबरोबर फिरून दहावर गेली असती. ती गेली नाही. चारला होती, चारलाच राहिली. एवढ्या एका कृतीने रबर निर्दोष सुटलं. फुकट, वीस मिनिटांत. या साध्या गोष्टीसाठी मी दोन रबरं विकत आणली होती.

आता उरलं झाकण आणि भांडं. शेजारच्या ब्लॉकमधल्या वहिनींकडे त्याच कंपनीचा, त्याच मापाचा कुकर आहे. माझं झाकण, माझ्याच रबरासकट, त्यांच्या भांड्यावर लावलं : सातव्या मिनिटाला शिट्टी, बाजूने थेंब नाही. त्यांचं झाकण माझ्या भांड्यावर लावलं : चारला फुसफुस. पंधरा मिनिटांनी दोन्हीकडचं पाणी मोजलं. त्यांच्या भांड्यात शिट्टीनंतर आच बारीक केली होती, तिथे ४३० मिली उरलं होतं. माझ्यात शिट्टीच न झाल्याने आच मोठीच राहिली, उरलं २७५. डबा का करपला, याचा हिशेब त्या मापाच्या भांड्यात लिहिलेला होता.

मग भांड्याच्या काठावरून नख फिरवलं. चारच्या जागी नख किंचित खाली गेलं आणि वर आलं. भांडं ओट्याच्या ग्रॅनाइटवर उपडं घातलं आणि काठाखालून कागदाची चिठ्ठी सरकवून पाहिली. सगळीकडे अडली, तिथे सुळकन आत गेली. बोटभर रुंदीचा, डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा खड्डा.

तो कुठून आला? मी उजव्या हाताने वाढते. दांडा माझ्याकडे असतो. वरण वाढून झालं की पळीला चिकटलेलं झटकायला मी ती काठावर टक्कन आपटते. उजव्या बाजूला, रोज, त्याच जागी. कुकरच्या पुस्तिकेत काठावर पळी आपटू नका असं लिहिलेलं असतं, आणि ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

आता फोटोवैद्यांना मी एवढंच विचारते : तुम्ही मागवला होता तो फोटो कशाचा? झाकणाचा आणि रबराचा. गळती म्हणजे तिघांच्या भेटीतली फट : झाकण, रबर आणि भांड्याचा काठ. तुम्ही तिघांपैकी दोघांना बोलावलंत, तेही गार, सुटे, एकमेकांपासून लांब ठेवून, आणि त्या दोघांपैकी एकाला फाशी दिलीत. गुन्हेगाराला समन्ससुद्धा गेलं नव्हतं.

आणि हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. बाहेरच्या झाकणाच्या बऱ्याच कुकरांना झाकणाच्या कडेला एक लांबट खिडकी ठेवलेली असते. नळी तुंबली आणि प्रेशर फार वाढलं, तर रबर त्या खिडकीतून बाहेर फुगतं आणि वाफेला वाट देतं. म्हणजे रबर हा सुरक्षेचाही भाग आहे, आणि त्याचं माप, जाडी, मऊपणा त्या हिशेबाने ठरलेला असतो. फोटो बघून "कुठलंही जाडसं बसव, फट भरेल" असा सल्ला देणारा माणूस त्या खिडकीचंही काम बिघडवतो. जे कणीक लावून फट बुजवायला सांगतात आणि जे रबर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात, तेही याच घराण्यातले. गारठलेलं रबर दोन मिनिटांत आचेवर पुन्हा तापतं, आणि होता तो दोष तसाच समोर येतो.

"पण लांबून दुसरं करणार काय?" हे विचारणाऱ्यांनी लांबून चार प्रश्न विचारावेत. वाफ केव्हा जाते : सुरुवातीला थोडा वेळ, की शेवटपर्यंत? कुठून जाते : शिट्टीतून, सेफ्टी वाल्व्हमधून, की काठातून, आणि काठातून असेल तर घड्याळात किती वाजता? रबर फिरवल्यावर जागा बदलते का? नुसत्या पाण्यावरही होतं का? या चार उत्तरांत निदान आहे, आणि ती चारही उत्तरं चालू कुकरासमोर उभं राहिलेल्या माणसाकडेच असतात. फोटो एका कामाचा जरूर आहे : रबरावरचा क्रमांक आणि भांड्याच्या तळावरचं माप दुकानदाराला दाखवायला. तो बाजारहाटाचा कागद आहे, निदानाचा नाही.

काठाचा खड्डा ठोकून सरळ करायच्या फंदात मी पडले नाही. हातोडीने एक खड्डा निघतो आणि दोन नवे पडतात. पुढच्या भारतवारीत नवं भांडं आणलं, झाकण आणि रबर तेच. पळी आता काठावर आपटत नाही, ताटलीत टेकवते. ज्या पळीने खड्डा पाडला, तिनेच तो शोधून दिला. कारण तिला ताप कळतो, वाफ कळते, ती कुकराजवळ जाते. फोटो जात नाही. तेव्हा पुन्हा कुणी झाकणाचा फोटो मागितला, तर मी विचारणार आहे : कुकर गॅसवर आहे, किती वाजता गळतो ते सांगू, की अजूनही उताण्या झाकणाचं तोंडच बघायचंय?